प्रमाण हात

वजनमाप खात्यातल्या त्या निरीक्षकाला ऑफिसात, बाजारात आणि खुद्द सासुरवाडीतसुद्धा सगळे 'काटा' म्हणायचे. तराजूचा काटा कुणाच्या बापाला भीत नाही आणि कुणाच्या आईला लाजत नाही, तसा हा माणूस. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला गेला तर सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा पंधरा ग्रॅम हलका आहे म्हणून त्याला चिठ्ठी लावून आला. त्यानंतर दोन वर्षं सासूबाई त्याच्याशी मोजकंच बोलत. त्याची काही तक्रार नव्हती, मोजकं त्याला आवडायचंच.

आता रक्तदाब मोजायची यंत्रंही ह्याच खात्याकडे तपासायला येतात, हे फार जणांना ठाऊक नसतं. काटा मात्र ह्या कामावर जीव टाकायचा. पद्धत सरकारी होती: एका बाजूला खात्याचा प्रमाण दाबमापक, दुसऱ्या बाजूला दवाखान्याचं मशीन, मधे रबरी नळी. हवा भरायची, पन्नासला, शंभरला, दोनशेला दोन्ही आकडे जुळतायत का बघायचं. तीनपेक्षा जास्त फरक पडला की मशीन बाद. एवढं पुरे होतं. पण काट्याला पुरेसं कधी पुरलंय? त्यानं स्वतःची एक जादा परीक्षा काढली होती. सरकारी परीक्षेत पास झालेलं मशीन तो शेवटी स्वतःच्या डाव्या दंडाला बांधायचा. कारण एकोणीस वर्षं त्या दंडाचा दाब यायचा एकशे चोवीस-ऐंशी. एखाददुसरा इकडेतिकडे.

"हे बघ," तो आपल्या शिक्केवाल्याला सांगायचा, "यंत्र खोटं बोलेल, नळी खोटं बोलेल. हा प्रमाण हात आहे."

शिक्केवाला म्हणजे मशीनवर पक्कडीनं शिशाचा शिक्का मारणारा, निवृत्तीला दीड वर्ष उरलेला माणूस. तो म्हणायचा, "बरोबर साहेब." दीड वर्षासाठी कोण वाद घालतो?

तर झालं असं, की एका मोठ्या इस्पितळाच्या भांडारात बारा मशीनं तपासायची होती. पहिली चार पास झाली. पाचवं नळीला लावून झालं, आकडे काट्याला काटा जुळले, आणि नेमकं नळीचं बूच टेबलाखाली घरंगळलं. काटा वाकला. तसं त्याला जांघेत हर्निया होता, पुढच्या महिन्यात ह्याच इस्पितळात ऑपरेशन ठरलं होतं, तरी वाकला. पोट मांडीवर दाबलं गेलं, बूच हाताला लागलं, आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात कुणीतरी घण घालायला लागलं.

ह्यापूर्वी दोन-चारदा असं झालं होतं. उन्हाचं असेल, चष्म्याचं असेल म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. पण आजचं जोरकस होतं. छातीत धडधड अशी, की शर्टाचं बटण हलताना दिसावं. कपाळावर, पाठीवर, तळहातावर घाम. आणि तोंड पांढरंफटक.

"साहेब, बसा," शिक्केवाला म्हणाला.

"आधी काम." काट्यानं पाचवं मशीन दंडाला बांधलं. आकडा आला दोनशे छत्तीस-एकशे चौतीस.

"बाद!" काटा घाम पुसत ओरडला.

सहावंही नळीवर चोख होतं. दंडावर दोनशे अठ्ठावीस.

"हेही बाद! एकाच कारखान्याचा माल दिसतोय."

मग मात्र त्याला उभं राहवेना. औषधांच्या खोक्यावर पंचवीस मिनिटं डोकं धरून बसला. ठोके हळूहळू उतरले, घाम वाळला. मग त्यानं सातवं दंडाला बांधलं. एकशे सव्वीस-ऐंशी.

"बघ," तो समाधानानं म्हणाला, "चांगलं मशीन असं असतं."

भांडाराची सिस्टर दारात उभी राहून हे सगळं बघत होती. बत्तीस वर्षं नोकरी झालेली बाई. म्हणाली, "साहेब, माझी दोन चांगली मशीनं बाद केलीत. एकदा तुमचा हात बाद झालाय का, तेही बघा."

शिक्केवाल्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. काट्यानं दोन्ही मशीनांवर लाल चिठ्ठ्या चिकटवल्या, सही ठोकली आणि निघाला.

घरी बायकोच्या लक्षात यायला लागलं होतं. दिवसाला तीन शर्ट धुवायला पडत होते. बुटाची नाडी बांधताना, खाली ठेवलेली बादली उचलताना नवरा मधेच थांबायचा, भिंतीला हात लावायचा, आणि अर्ध्या तासानं काहीच झालं नाही असा पेपर वाचायचा.

"अहो, डॉक्टरला दाखवा."

"दाखवून काय? तिथं जाईपर्यंत बरं वाटतं. त्यांचं मशीन एकशे तीस दाखवतं."

"आणि बरं नसताना?"

"तेव्हा मशीन बिघडलेलं असतं."

बायकोनं तिसरा शर्ट भिजत घातला. एकोणीस वर्षांत तिला कळलं होतं की ह्या माणसाला पटवायचं तर पुरावा शिक्क्यासकट लागतो.

तेवढ्यात तिचा भाऊ आला. ह्या मेहुण्याचं ज्ञान म्हणजे गावभर वाटलं तरी घरात उरेल एवढं. त्यानं लक्षणं ऐकली आणि डोळे मिटून निदान केलं.

"दाजी, ही धास्ती आहे. ऑपरेशनची. तुम्ही घाबरलात."

"मी? घाबरलो?"

"चेहरा बघा आरशात. पाचावर धारण बसलीय. मला ड्रायव्हिंगच्या परीक्षेआधी असंच व्हायचं. ह्या गोळ्या दिल्या होत्या, धडधड एकदम बंद. दोन उरल्यात. घ्या."

परक्याची गोळी घेऊ नये हे काट्याला कळत होतं. पण 'घाबरला' हा शब्द गोळीपेक्षा कडू होता. त्यानं दोन्ही गिळल्या.

दुपारी तो खुर्चीत बसला तो उठलाच नाही. डोकं दोन्ही कानशिलांतून बाहेर येईल असं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढचं दार दुहेरी दिसायला लागलं, ओकारी झाली. मेहुण्यानं गाडी काढली. इस्पितळाच्या तातडीच्या खोलीत दंडाला पट्टा बसला आणि आकडा आला दोनशे चोपन्न-एकशे बेचाळीस.

"मशीन…" काटा कण्हला, "मशीन बाद…"

"गप पडा," बायको म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

शिरेतून औषध चाललं, दाब उतरवला गेला. दुसऱ्या दिवशी ग्रंथींच्या आजारांची डॉक्टर आली. वयानं त्याच्या धाकट्या बहिणीएवढी, केस घाईत बांधलेले. तिनं तासभर प्रश्न विचारले, आणि विशेष म्हणजे उत्तरं लिहून घेतली.

"डोकेदुखी, घाम, धडधड. तिन्ही एकदम येतात?"

"एकदम."

"आणि एकदम जातात. वाकल्यावर येतात?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या?"

काट्यानं मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्यानं पंख्याकडे बघितलं. शेवटी रिकामं पाकीट खिशातून निघालं. डॉक्टरनं ते वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"ऐका," ती म्हणाली. "दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. संकटात धावपळ करायला लागणारा रस तिथून सुटतो. मला शंका आहे की तुमच्या एका ग्रंथीत गाठ आहे, आणि ती संकट नसतानाही तो रस सोडते. रसानं ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. ह्या गोळीनं ठोक्यांना ब्रेक लावला, वाहिन्या सैल करणारी वाटही बंद केली, पण आवळणारी वाट उघडीच राहिली. म्हणून दाब उडाला. ही गोळी वाईट नाही, पण इथं ती नंतर द्यायची असते. आधी आवळणं सोडवणारी."

"म्हणजे दाजी घाबरले नव्हते?" मेहुण्यानं विचारलं.

"नाही. त्यांचं शरीर घाबरल्यासारखं वागत होतं. ह्यांना न विचारता."

काट्याला उगाच बरं वाटलं. मग शब्द आत उतरला. गाठ.

"शंका आहे म्हणालात. नक्की नाही?"

"नक्की करायचं तर मोजावं लागेल."

तो उठून बसला. मोजणं. आता कुणीतरी त्याच्या भाषेत बोलत होतं.

"आधी स्कॅन करायचा नाही," ती म्हणाली. "पोटाच्या फोटोत निरुपद्रवी गाठी बऱ्याच जणांच्या सापडतात. आधी सिद्ध करायचं की रस जास्त बनतोय, मग तो कुठून येतो ते शोधायचं. रस शरीरात मोडला की त्याचे तुकडे रक्तात आणि लघवीत येतात, ते मोजतात. आत्ता नको, आजारपणात सगळ्यांचेच वाढतात. घरी जा, आठवडाभर शांत राहा. आवळणं सोडवणारी ही बारीक गोळी सुरू करा, हिनं तपासणी बिघडत नाही. सर्दीचं औषध बंद. डोकेदुखीचीही विचारल्याशिवाय घेऊ नका. मग चोवीस तासांची लघवी गोळा करून आणा."

"आणि माझं हर्नियाचं ऑपरेशन? पुढच्या गुरुवारी आहे."

"रिपोर्टवर ठरेल."

आठवड्यानं प्रयोगशाळेतून मोठा पांढरा कॅन घरी आला. तळाशी थोडं आम्ल, वर झाकण, बाजूला खुणा: पाचशे, हजार, दीड हजार, दोन हजार. दोन हजाराच्या वर बोटभर उंचीची कोरी जागा, आणि शेजारी तसलाच दुसरा रिकामा कॅन, "लागला तर" म्हणून दिलेला. काट्यानं तो दुसरा कॅन परत पाठवला.

"माप एकच असतं," तो म्हणाला.

सकाळी सातला त्यानं पहिली लघवी सोडून दिली, सांगितल्याप्रमाणे. मग सुरुवात. प्रत्येक वेळी वहीत वेळ लिहायचा, कॅन सपाट जागी ठेवून, डोळा खुणेच्या पातळीत आणून बघायचा. त्यातही वाकावं लागे, आणि दुपारी एकदा झटका आलाच. गोळीमुळे बारीक. बायकोनं दारातून पाहिलं, नवरा कॅनसमोर गुडघे टेकून घामाघूम बसलाय. तिला वाटलं आता ह्याच्यासाठी रडावं की हसावं. मेहुण्यानं "पाणी भरपूर प्या, सगळं धुऊन निघतं" सांगितल्यामुळे कॅन भराभर चढत होता.

रिपोर्ट घ्यायला तिघं डॉक्टरच्या खोलीत बसले. दुसऱ्या दिवशी गुरुवार.

"किंचित वर आहे," डॉक्टर म्हणाली. कपाळाला आठी होती. "गाठ असती तर बहुतेक वेळा दुप्पट, तिप्पट असतं. हे काठावर आहे. असं ताणानंही येतं."

"म्हणजे काही नाही!" मेहुणा म्हणाला. "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ताण!"

"सर्जननं विचारलंय, उद्याचं करायचं का." तिनं कागद जवळ ओढला. प्रयोगशाळेच्या माणसानं त्यावर लाल पेननं दोन गोल काढले होते. "साहेब, एकूण मिलिलिटर दोन हजार लिहिलंय."

"हो."

"बरोबर दोन हजार?"

"बरोबर." त्याचा आवाज जरा ताठ झाला. "एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही."

"एकही सांडला नाही?"

"माझ्या हातून सांडत नाही."

"नवल आहे. माणूस काही गोल आकड्यात लघवी करत नाही." ती दुसऱ्या गोलावर बोट ठेवत म्हणाली, "स्नायूंतून रोज ठरावीक कचरा लघवीत पडतो. तुमच्या बांध्याच्या माणसाचा जेवढा पडायला हवा, त्याच्या हा निम्मा आहे. म्हणून विचारते."

काट्यानं त्या लाल गोलाकडे बघितलं. गोल आकडा! एकोणीस वर्षं तो स्वतः दुकानदारांना हेच म्हणत आला होता. वहीत सगळे आकडे गोल दिसले की समजावं, लबाडी आहे.

"आणि समजा," त्यानं सावकाश विचारलं, "समजा गाठ आहे, आणि उद्या तुम्हाला ठाऊक नसताना ऑपरेशन झालं. तर?"

"भूल देताना, पोटाला हात लावताना गाठ एकदम रस सोडू शकते. दाब अडीचशे, तीनशे. माणूस टेबलावरच जाऊ शकतो."

बायकोनं पदर मुठीत धरला. काट्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याच्यासमोर दोन रस्ते होते: गप्प बसून आयुष्यभर अचूक राहायचं, आणि ते आयुष्य कदाचित उद्या दुपारपर्यंतच असायचं, किंवा तोंड उघडायचं.

"संध्याकाळी सातला दोन हजाराची खूण भरली," तो म्हणाला.

"मग?"

"खुणेच्या वर माप गेलं की ते बाद होतं."

"म्हणजे?"

"पुढच्या बारा तासांचं… कमोडमधे."

मग बायकोला हसू फुटलं. ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाणी थांबायच्या आत हसणं संपलं.

"अहो," ती हुंदक्यात म्हणाली, "मोजताना मेला असतात हो तुम्ही!"

डॉक्टर हसली नाही. तिनं फोन उचलला आणि सर्जनला सांगितलं, "उद्याचं रद्द. रिपोर्ट धरू नका. निम्म्याच लघवीत एवढं आलंय."

मग मात्र सगळं सुतासारखं सरळ गेलं, आणि सरळ जाणंच भयंकर होतं. ह्या वेळी रक्तावरच तपासायचं ठरलं. हातात सुई आधीच बसवून काट्याला अर्धा तास उताणं निजवलं, कारण उठून बसल्यानंही रसाचे ते तुकडे वाढतात. रक्ताची नळी बर्फात ठेवून गेली. आकडा आला वरच्या मर्यादेच्या सहापट. काठ कुठल्या कुठे मागे राहिला. मग सीटी स्कॅन: उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर पाच सेंटिमीटरची गाठ.

"सुई घालून तुकडा काढून बघा ना," मेहुणा म्हणाला, "खात्री होईल."

"तिला टोचलं की ती रस सोडेल," डॉक्टर म्हणाली. "खात्री झालीय. आता तिला हात लावायचा तो एकदाच, तयारीनिशी. हर्निया नंतर."

तयारी तीन आठवड्यांची. आवळणं सोडवणाऱ्या गोळीचा डोस चढत गेला. काट्याचं नाक चोंदायचं, एकदम उभं राहिलं की चक्कर यायची. जन्मभर ज्याला सगळे मीठ कमी खा म्हणाले, त्याला डॉक्टर मीठ आणि पाणी जास्त घ्या म्हणाली, म्हणजे सैल झालेल्या वाहिन्या भरतील. ठोक्यांना ब्रेक लावणारी मेहुण्याची ती गोळी आली, पण सगळ्यात शेवटी. मेहुण्यानं ती हातात घेऊन खूप वेळ बघितली. एवढी ओळखीची वस्तू, आणि माणूस मारायला निघाली होती.

ऑपरेशनच्या सकाळी काटा वॉर्डात पाठीमागे नाड्यांचा इस्पितळी झगा घालून बसला होता. गाठ सापडलेल्या माणसाला लाज कसली, पण झगा फारच उघडा होता. शिक्केवाला भेटायला आला, तो खात्याची पेटी आणि भांडाराच्या सिस्टरला घेऊन.

"साहेब, निरोप आला तसा आलो. पण तुम्ही रजेवर आहात."

"मग रजा कुणाला दाखवू नकोस. सिस्टर, माझ्या लाल चिठ्ठीची दोन मशीनं?"

सिस्टर गेली आणि दोन मशीनं घेऊन आली. कपाटात कुलपात ठेवली होती तिनं, चिठ्ठ्या न काढता. कायदा ती काट्यापेक्षा जास्त पाळायची.

खाटेवर नळी जोडली गेली. काट्यानं वाकू नये म्हणून शिक्केवाल्यानं दाबमापक त्याच्या डोळ्यासमोर धरला. पन्नास. पन्नास. शंभर. शंभर. दोनशे. दोनशे. दुसऱ्याचंही तेच. काट्यानं चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या. अर्धा कागद यंत्रालाच चिकटून राहिला.

"शेरा काय लिहू?" शिक्केवाल्यानं वही उघडली.

"लिही. यंत्र बरोबर होतं. तपासनीसाचा हात…" तो थांबला. "हात चालत नाही असं लिही. यापुढे कुणाचाच हात धरायचा नाही."

शिक्केवाल्यानं शिक्का मारायला पक्कड काढली, तोवर भूलतज्ज्ञ आल्या. मनगटातल्या धमनीत बारीक नळी घालणार, प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर दिसणार, गाठीला हात लागला की आकडा उडणारच, आणि ती निघाली की एकदम कोसळणार, दोन्हीची औषधं तयार आहेत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"किती उडेल?" बायकोनं विचारलं.

"सांगता येत नाही."

सिस्टरनं पाचवं मशीन काट्याच्या दंडाला बांधलं. पट्टा आवळला, सैल झाला. एकशे अठरा-चौऱ्याहत्तर. काट्यानं आकडा पाहिला आणि पहिल्यांदाच त्यावर काही मत दिलं नाही.

ट्रॉली निघाली. बायको दारापर्यंत हात धरून चालली, मग हात सोडवून घ्यावा लागला.

"डॉक्टर," काटा भूलतज्ज्ञांना म्हणाला, "आत आकडा उडाला ना, तर मशीनला काही बोलू नका. ते खरं सांगत असेल."

दार बंद झालं. बायको बाकावर बसली, मेहुणा तिच्या शेजारी. शिक्केवाला मात्र बराच वेळ तसाच उभा होता, हातात उघडी पक्कड, आणि शिक्का मारायचा राहिलाय हे त्याच्या लक्षातच नव्हतं.